भाजी तुम्ही आणा, पासबुक इकडे द्या

३१ मे हा महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांचा दिवस. आधीच्या पिढीत पोराला शाळेत घालताना नेमकी जन्मतारीख कुणाला सांगता यायची नाही, मग गुरुजी सरळ १ जून लिहून टाकायचे. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम. त्यामुळे मेअखेरीला एकेका कार्यालयात तीन-चार सत्कार एकदम उरकले जातात. शाल, श्रीफळ, शेजारच्या खुर्चीवर बसवलेल्या वहिनींची ओटी, आणि एक हमखास भाषण: "साहेबांनी आयुष्य खात्याला दिलं, आता त्यांनी वहिनींना वेळ द्यावा." टाळ्या. तो वेळ वहिनींना हवाय का आणि हवा असला तर किती, हे कुणी विचारल्याचं मी एकाही समारंभात ऐकलं नाही. नोकरी लेखा शाखेतली, टेबलावर कायम पेन्शनच्या फाइली, त्यामुळे असे समारंभ मी पोत्यानं पाहिलेत.

फाइलीची तयारी मात्र चोख असते. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून ती सुरू करावी असं नियमच सांगतो. सेवापुस्तक पहिल्या पानापासून तपासायचं, वेतननिश्चिती बरोबर आहे का बघायचं, क्वार्टर आणि कर्जाची बाकी नसल्याचे दाखले गोळा करायचे, वारसाची नोंद करायची. त्यात पती-पत्नीचा एकत्र काढलेला फोटोही लागतो. एवढ्या जाड फाइलीत बायको येते ती बहुतेक त्या फोटोपुरती. बाकी ज्या घरात हा माणूस १ जूनच्या सकाळी दहा वाजता असणार आहे, त्या घराची तयारी कुणीच केलेली नसते. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निवृत्त केलं जातं. माणूस धडधाकट असतो, बायको बहुधा त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, आणि पुढे वीस वर्षं सहज असतात.

आमच्या परिचयाचे एक भाऊसाहेब आहेत. पाटबंधारे खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सज्जन माणूस, निर्व्यसनी, आवाज कधी चढत नाही. पहिला महिना कुलदैवत, मुलीचं सासर, राहिलेली लग्नकार्यं यांत गेला. दुसऱ्या महिन्यात ते घरात स्थिरावले आणि वहिनींच्या भाषेत "आमच्याकडे इन्स्पेक्शन सुरू झालं."

कुकरला तीन शिट्ट्या पुरतात, चौथी कशाला? फ्रिजमधली ही वाटी कधीची आहे? बाहेरच्या खोलीत कुणी नाही तर पंखा का चालू? एका दुपारी वहिनी बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. दिसायला सुरेख. फक्त पोह्यांचा मोठा डबा हाताशी आला आणि मोहरी-जिऱ्याच्या बरण्या गेल्या वरच्या फळीवर. संध्याकाळी तेल तापत ठेवून वहिनी स्टूल शोधत होत्या. डबे पुन्हा जागच्या जागी गेले, तर भाऊसाहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मदत केली होती ना!

खरं नुकसान भांडीवालीच्या बाबतीत झालं. बाई सकाळी मोरीत बसली की भाऊसाहेब दाराशी उभे. साबण किती घेते, नळ किती वेळ सोडते, कढईच्या बुडाला काळं राहिलंय ते. आठवडाभरानं ती वहिनींना हळूच म्हणाली, "वहिनी, दादा सारखे मागं उभे असतात. मला नाही जमायचं." नऊ वर्षांची बाई सोडून गेली. त्यावर भाऊसाहेबांचं म्हणणं काय, तर "कशाला हवी बाई? दोघांचीच तर भांडी आहेत." पुढचा महिनाभर ती दोघांचीच भांडी एकट्या वहिनींनी घासली.

या शेवटच्या वाक्यात सगळा प्रश्न आहे असं मला वाटतं. निर्णय एकानं घेतला आणि त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. कचेरीत हे रोजचंच असतं. खालचा लिपिक टिपणी तयार करतो, संदर्भ जोडतो, मसुदा लिहितो, फाइल वर गेली की साहेब समासात लिहितो, "तपासून पुन्हा सादर करावे." तो शेरा लिहिण्यातच ज्याची तीस-पस्तीस वर्षं गेली, तो घरी आल्यावर वेगळं काय करणार? वहिनी सादर करतात, भाऊसाहेब शेरा मारतात. त्यांना हे वर्चस्व वाटतच नाही, त्यांना हे लक्ष घालणं वाटतं. म्हणून "तुम्ही सारखी लुडबूड करता" असं म्हटलं की माणूस दुखावतो, चार दिवस पेपरमागे तोंड लपवून बसतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा शिट्ट्या मोजायला लागतो.

यावर आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला म्हणजे त्यांना एखादा छंद लावा. बागकाम, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, नाहीतर हार्मोनियम. माझा या सल्ल्यावर विश्वास नाही. एक तर छंद 'लावायचा' कुणी? पुन्हा बायकोनंच. पोराला शिबिरात घालावं तसं नवऱ्याला कुठं अडकवावं याची चिंता तिच्या डोक्यावर. आणि समजा छंद लागला, तरी तो दिवसाचे दोन तास घेईल. संघाच्या कट्ट्यावरून माणूस साडेदहाला परत येतो. दिवस पुढे उभाच असतो. छंदानं माणूस घराबाहेर जातो, पण घरातली त्याची जागा बदलत नाही. तो परत येतो तो साहेब म्हणूनच.

"घर त्याचंही आहे, त्यानं बोलायचं नाही तर कुणी?" हा आक्षेप मला रास्त वाटतो. घराचे हप्ते त्यानं फेडलेत. आयुष्यभर तो पाहुण्यासारखा राहिला, सकाळी डबा घेऊन गेला आणि रात्री जेवून झोपला, हीच आपण त्याच्याविषयी तक्रार करत आलो. आता तो घरात लक्ष घालायला लागला, तर "तुम्ही गप्प बसा" म्हणणं हा कसला न्याय? त्याला बोलण्याचा अधिकार नाही असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की घरात मत देण्याचा अधिकार कामाबरोबर मिळावा, आणि तो रस्ता दुहेरी असावा. तो तिच्या कारभारात येणार असेल, तर तिलाही त्याच्या कारभारात येता आलं पाहिजे. या दोनपैकी पहिली गोष्ट लोक निदान बोलतात तरी. दुसरी फारशी कुणी काढत नाही.

आधी कामाचं बघू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटं. हे सगळ्या वयांचे आकडे आहेत, निवृत्तांचे वेगळे नाहीत. पण नवरा निवृत्त झाला म्हणून बाईचे ते पावणेपाच तास आपोआप कमी होण्याचं काही कारण नाही. वाढण्याची कारणं मात्र भरपूर. दुपारचं जेवण, जे आजवर तिनं उभ्या उभ्या सकाळच्या पोळीवर भागवलं, ते आता ताट-वाटी मांडून गरम करावं लागतं. साडेअकराचा चहा, चारचा चहा. "तुझ्या हातचं थालीपीठ पूर्वी निवांत खाताच आलं नाही." बोलणं प्रेमाचं असतं, आणि थालीपीठही करावं लागतं.

भाऊसाहेबांच्या घरी तोडगा निघाला तो भाजीवर. वहिनींनी एक दिवस सांगून टाकलं, "उद्यापासून भाजी तुमची. मी त्यात बोलणार नाही." भाऊसाहेब खूश. पहिल्याच दिवशी बाजार समितीच्या बाहेरून मेथीच्या तीन जुड्या, कोथिंबिरीच्या दोन आणि तीन किलो टोमॅटो आले, कारण जास्त घेतलं की दर पडतो. पिशवी ओट्यावर ठेवून साहेब पेपर घेऊन बसले. इथं वहिनींनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी तीन जुड्या पेपरवर पसरून भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवल्या. "भाजी तुमची म्हणजे निवडणंही तुमचंच." मेथीच्या तीन जुड्या मातीसकट निवडायला नवख्या माणसाला सव्वा तास लागतो. त्यातून रोजच्या भाजीपुरती पानं वेगळी काढायची, उरलेली कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी काळी पडतात. कोथिंबिरीची एक जुडी चौथ्या दिवशी फेकावी लागली, आणि ती भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं फेकली. त्यानंतर मेथी एकच जुडी येऊ लागली. पडलेल्या दराचं कौतुकही ओसरलं.

म्हणजे काम सोपवायचं तर ते अख्खं सोपवायचं. भाजीचं अख्खं काम म्हणजे घरात काय संपलंय हे आपणहून बघणं, परवा पाहुणे येणार आहेत हे लक्षात ठेवणं, आणणं, निवडणं, ठेवणं आणि सडलं तर त्याची जबाबदारी घेणं. पिशवी घेऊन जाणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. काम खरंच पलीकडे गेलं की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे: नवरा "यादी करून दे" म्हणतो का? म्हणत असेल तर काम गेलेलं नाही. कारण यादी करणं हेच त्या कामाचं डोकं आहे, ते बायकोकडेच राहिलं आणि फक्त पाय नवऱ्याचे वापरले गेले. वीजबिल, गॅसचा नंबर लावणं, प्लंबर बोलावून तो येईपर्यंत घरी थांबणं, दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडणं, स्वतःचे कपडे आणि स्वतःची औषधं, ही सगळी कामं अशी अख्खी उचलून देता येतात. एका वेळी एकच द्यावं. दोन-तीन महिन्यांनी दुसरं.

आणि दिल्यावर हात काढून घ्यायचा. इथं बायका चुकतात, तेही बोललं पाहिजे. नवऱ्यानं घासलेलं भांडं पुन्हा विसळून ठेवणाऱ्या, त्यानं चिरलेली भेंडी "एवढी जाड?" म्हणून परत बारीक करणाऱ्या माझ्या ओळखीत कमी नाहीत. स्वयंपाकघर ही कित्येक बायकांची एकमेव सत्ता होती. तिच्यात वाटेकरी आला की त्रास होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण काम त्याचं आणि शेरा हिचा असं झालं, तर फक्त साहेब बदलला. ज्याच्याकडे भाजी, त्याच्याकडे त्या भाजीपुरता निर्णय. दोडका तीन दिवस आला तर तीन दिवस दोडका खायचा.

काही गोष्टी मात्र सोपवण्याच्या नसतातच. कामवाल्या बाईशी बोलायचं वहिनींनीच, हा नियम भाऊसाहेबांच्या घरी आता पक्का झालाय, आणि बाई असते तेवढा वेळ भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकत नाहीत. नवी बाई टिकली. दुसरी गोष्ट म्हणजे दुपार. दोन ते चार या वेळात वर्षानुवर्षं घर एकटीचं असतं. बहिणीशी फोन, भिशीच्या मैत्रिणी, मालिकेचा राहिलेला भाग, किंवा नुसतं पाय पसरून पडणं. पुरुष घरात बसला की मैत्रिणी दारातूनच "नंतर येते" म्हणून जातात. फोनवर सासरच्यांबद्दल बोलताना आवाज खाली येतो, मग फोनच तुटक होतात. बाई हे मोठ्यानं सांगत नाही, कारण "मी घरात नको झालो का?" हा प्रश्न ठरलेला असतो. सांगावं. वाचनालय, बँक, संघ, जे काय असेल ते भाऊसाहेबांनी त्या वेळेत ठेवावं. बायको स्वतः नोकरी करत असेल आणि नवरा आधी निवृत्त झाला असेल, तर हिशेब जरा वेगळा होतो; तिथं दुपारचा प्रश्न नसतो, पण संध्याकाळी ती घरी आल्यावर तो दिवसभराचे शेरे साठवून बसलेला असतो. सुनेचा विषय तर काढतच नाही. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: पैसा. नवरा साबणाच्या वडीवर घसरतो त्यामागे नुसती सवय नसते, पुष्कळदा भीती असते, आणि ती भीती आकड्यांत दिसते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याचं उदाहरण घेऊ. पूर्ण सेवा झालेली आहे आणि शेवटचा मूळ पगार ६०,००० रुपये आहे असं धरा. मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,०००. त्यातली ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, म्हणजे १२,००० सोडून त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे. बहुतेक जण विकतातच. मग दरमहा हातात मूळ १८,००० येतात आणि त्यावर महागाई भत्ता. भत्ता पूर्ण ३०,००० वर मिळतो ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ज्या माणसाच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पूर्ण पगार पडत होता, त्याला पहिल्या पेन्शनचा आकडा बघून पोटात गोळा येतो. तो हे बोलत नाही. नळ बंद कर म्हणतो.

त्याच महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या बाजूनं मोठी रक्कम येते. विकलेल्या पेन्शनचे पैसे, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी. आयुष्यात एकदाच येणारी ही रक्कम कुठं जाणार हे कोण ठरवतं? माझ्या टेबलावरून गेलेल्या फाइलींचा अनुभव असा की एकटा नवरा, किंवा नवरा आणि मुलगा. भाऊसाहेबांनी एका पुतण्याला धंद्यासाठी मोठी रक्कम दिली. वहिनींना ते कळलं ते जाऊबाईंचा आभाराचा फोन आला तेव्हा. ज्या घरात कोथिंबिरीच्या जुडीवर दहा मिनिटं चर्चा होते, त्या घरात या रकमेवर एक वाक्यही झालं नाही. वहिनी मला म्हणाल्या, "पैसे दिले याचं काही नाही हो, पुतण्या गुणाचा आहे. पण मला सकाळी विचारतात मीठ एवढं कसं लागतं."

ही एकतर्फी वाहतूक आहे. निवृत्त पुरुषाला घरातल्या सगळ्यात मत हवं असतं, पण त्याच्या कपाटातलं बायकोचं मत त्याच्या डोक्यातही येत नाही. आणि त्याची किंमत तिला फार उशिरा मोजावी लागते. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे कागद कोंबलेले, आणि "यातलं कुठलं लागतं ते तुम्हीच बघा." पेन्शनचा आदेश क्रमांक ठाऊक नाही. खातं नेमकं कुठल्या शाखेत ते ठाऊक नाही. सेवापुस्तकात नाव एक, आधारवर दुसरं, कारण लग्नानंतर ठेवलेलं नाव एका ठिकाणी चढलं आणि माहेरचं दुसरीकडे राहिलं. नवरा हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या एका अर्जानं सुरू झाली असती. आता ती प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाट्यांवर गेली. मिळणार किती, हेही बहुतेकींना माहीत नसतं. सुरुवातीची काही वर्षं जास्त दरानं मिळतं ते सोडलं, तर कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. वरच्या उदाहरणात १८,००० आणि त्यावर महागाई भत्ता. भत्ता आता १८,००० वरच. हा आकडा पन्नाशीतल्या बाईला नवरा निवृत्त होताना कळला, तर एकरकमी पैशांतला किती भाग कुणाला द्यायचा यावर तिचं मत वेगळं असू शकेल. म्हणून तर तिला तो कळायला हवा.

जपानात या प्रश्नाचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. तिथं युद्धोत्तर पिढीतला नोकरदार पुरुष पहाटे जायचा, रात्री उशिरा यायचा, आणि साठीला एकदम घरात यायचा. नोबुओ कुरोकावा या डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नवरा घरात बसल्यानं बायकांना होणाऱ्या पोटदुखी, रक्तदाब, अंगावर पुरळ अशा तक्रारींची एक आजार म्हणून मांडणी केली. त्यावर चर्चा, विनोद, सल्ले सगळं झालं. कायदाही बदलला, आणि तो पैशाच्या अंगानं: एप्रिल २००७ पासून घटस्फोट घेणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या नोकरीतल्या पेन्शनच्या, लग्नाच्या काळात जमलेल्या भागात, निम्म्यापर्यंत वाटा मागता येऊ लागला. आपल्याकडे घटस्फोटापर्यंत गाडी जावी असं मला मुळीच सुचवायचं नाही. साठीतल्या बाईला नवरा सोडायचा नसतोच, तिला फक्त मोहरी जागेवर हवी असते. पण घरातल्या कुरबुरीचं एक मूळ पैशाच्या मालकीत असतं, हे त्यांना दिसलं. आपण अजून हास्यक्लबावर अडलोय.

तेव्हा भाजीच्या बदल्यात पासबुक. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. निवृत्तीच्या पहिल्या वर्षात नवरा-बायकोनं एकदा शांतपणे बसून सगळे कागद बाहेर काढावेत. ठेवी कुठं किती, कुठल्या पावतीवर वारस म्हणून कुणाचं नाव, कुणाला हातउसने किती दिलेत, विम्याचं काय. पेन्शनच्या आदेशावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतात का ते तेव्हाच तपासावं. ठेवी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला काढता येतील अशा पद्धतीनं कराव्यात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जाताना वहिनींनी सोबत जावं, शाखा आणि खिडकी दोन्ही पाहून घ्यावी. आणि घरखर्चाची वही, जी आजवर तिच्याच डोक्यात होती, ती कागदावर मांडून नवऱ्याला दाखवावी. किराण्याला महिन्याला किती जातात, दुधाला किती, बाईला किती, लग्नकार्यातल्या आहेरांना किती. माझा अनुभव असा की हा कागद पाहिल्यावर साबणावरचे शेरे कमी होतात, कारण गळती साबणात नाही हे अधीक्षकाला पाच मिनिटांत कळतं. हिशेब वाचायला तो आयुष्यभर शिकलेला असतो. आजवर त्याच्यासमोर तो कुणी ठेवलेलाच नसतो.

प्रत्येक घरात हे जमेल असं नाही. निवृत्तीनंतर माणूस बोलेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, क्षुल्लक गोष्टीवर ताटं आपटू लागला, किंवा बाटली जवळ करू लागला, तर तिथं मेथीच्या जुड्या कामाच्या नाहीत, डॉक्टर लागतो. ज्या नवऱ्यानं आयुष्यभर हात उगारला, तो घरात चोवीस तास बसल्यावर काय होतं, हा विषय सल्ल्यानं भागणारा नाही. मी लिहितेय ते भाऊसाहेबांसारख्या भल्या माणसांच्या घरांविषयी. तीही घरं काही थोडी नाहीत.

खात्यांनी यात काय करावं? फार खर्चाचं काही नाही. निवृत्त होणाऱ्यांसाठी काही ठिकाणी मार्गदर्शन शिबिरं होतात. तिथं पेन्शनचे नमुने आणि पैसे कुठं गुंतवायचे याची भाषणं होतात, आणि खुर्च्यांवर बहुतेक एकटे पुरुष असतात. त्या शिबिराला जोडीनं बोलवावं. एकत्र फोटोला बायको चालते, तर आकडे समजावून सांगायलाही चालावी. तिला आदेश क्रमांक म्हणजे काय, तीस टक्के म्हणजे किती, नाव जुळत नसेल तर अर्ज कुणाकडे करायचा, हे नवऱ्याच्या शेजारी बसून नवऱ्याच्याच कार्यालयात कळावं. असं शिबिर अर्ध्या दिवसात उरकतं.

आमच्या शाखेतल्या बायका निवृत्त व्हायच्या तेव्हा समारंभाचं भाषण वेगळं असायचं, हेही जाता जाता नोंदवते. "मॅडम, आता घराकडे लक्ष द्या." म्हणजे आजवर जणू दुसरंच कुणी देत होतं.

भाऊसाहेबांच्या घरी गेल्या दिवाळीपासून भाजी, गॅस, वीजबिल आणि दूध त्यांच्याकडे आहे. ठेवींवर दोघांची नावं चढली. पुतण्याची रक्कम अजून आलेली नाही, पण आता तिची आठवण करून देणारा फोन वहिनी करतात, आणि भाऊसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यापेक्षा बऱ्याच खमकेपणानं. पंख्याच्या बटणावरून रोज वाद होतो.